वजन उतरलं, ट्रायग्लिसराइड्स उतरले, मग एचडीएल का पडलं?

प्रश्न: वय ४१, उंची ५ फूट ६ इंच, सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत सुपरवायझर आहे. ऑक्टोबरपासून चार महिन्यांत वजन ८४ वरून ७८ वर आणलं. तेल-तूप पूर्ण बंद, रात्री जेवणाऐवजी फळं, सध्या द्राक्षं. ट्रायग्लिसराइड्स ३१२ चे १९८ झाले, एसजीपीटी ६८ चं ४१. पण एचडीएल ३४ चं ३१ झालं आणि एलडीएल ११२ चं १२४! सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर होतं, परवाच्या सोनोग्राफीत पण तेच. एवढं करून उलटं कसं झालं? मित्र म्हणतो रोज ग्लासभर वाइन घे, एचडीएल वाढतं. मेडिकलवाला फिश ऑइलची गोळी घ्या म्हणतो. काय करू?

उत्तर: उलटं झालेलं नाहीये. मी नाशिकमध्येच फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो आणि वजन उतरत असताना एचडीएल दोन-तीन पॉइंट खाली गेलेले रिपोर्ट माझ्यासमोर नेहमी येतात. तुम्ही एचडीएलच्या ओळीकडे बघून घाबरलात, पण तुमच्या रिपोर्टचा खरा विषय लिव्हरमधली चरबी हा आहे, आणि ती कमी होतेय असं बाकीचे आकडे स्पष्ट सांगतायत. ट्रायग्लिसराइड्स तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खाली आलेत, एसजीपीटी जवळजवळ नॉर्मलला आलंय. एचडीएल या सगळ्याच्या मागून येतं, सगळ्यात उशिरा, आणि येतं तेही थोडंसंच. आता हे असं का होतं ते जरा नीट सांगतो, म्हणजे पुढे काय करायचं ते आपोआप कळेल.

रक्तातले ट्रायग्लिसराइड्स म्हणजे आपण खाल्लेलं तेल रक्तात तरंगतंय असं बऱ्याच जणांना वाटतं. जेवल्यावर काही तास ते खरं असतं. पण तुम्ही रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त देता तेव्हा जे ट्रायग्लिसराइड्स मोजले जातात ते जवळजवळ सगळे लिव्हरने बनवून रक्तात सोडलेले असतात, व्हीएलडीएल नावाच्या कणांमधून. लिव्हरमध्ये चरबी जास्त साठली की लिव्हर हे कण जास्त बनवतं, आणि प्रत्येक कणात चरबीही जास्त भरतं. म्हणून उपाशीपोटी ३१२ म्हणजे लिव्हर भरलेलं आहे असं मी तरी पहिल्यांदा समजतो, इतर कारणं नसतील तर (ती खाली सांगतो).

मग लिव्हरमध्ये ही चरबी येते कुठून? २००५ साली फॅटी लिव्हरच्या पेशंट्सवर एक छोटा पण फार नेटका अभ्यास झाला होता, त्यात लिव्हरमधल्या चरबीचा माग काढला होता. साधारण ५९ टक्के चरबी अंगावरच्या साठ्यातून सुटून रक्तातून लिव्हरला आलेली, २६ टक्के लिव्हरने स्वतः साखर-पिठापासून बनवलेली, आणि जेवणातल्या तेलातुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर पूर्ण बंदी घातली त्याचा वाटा सगळ्यात कमी आहे आणि रात्रीच्या द्राक्षांचा रस्ता मोकळाच राहिला. द्राक्षांवर नंतर येतो.

आता कंबर. आपल्याकडे कांद्याची चाळ भरली की उरलेला माल ओसरीत, पडवीत, जिथे जागा मिळेल तिथे पडतो, तसंच शरीरात होतं. त्वचेखालची जागा ही चरबीची खरी चाळ. ती भरली की चरबी पोटात आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये जाते, जिथे तिचं काम नाही. आपल्या लोकांची ही त्वचेखालची जागा युरोपियन लोकांपेक्षा लवकर संपते असं दिसतं, म्हणून फार जाड न दिसणाऱ्या माणसाचंही लिव्हर भरलेलं सापडतं आणि म्हणूनच आपल्यासाठी कंबरेची मर्यादा वेगळी ठेवलीय, पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०. वजनकाटा चरबी, स्नायू, पाणी सगळं एकत्र मोजतो. टेप ओसरीतल्या मालाचा अंदाज देते, म्हणून ट्रायग्लिसराइड्सच्या पेशंटला मी काट्यापेक्षा टेपबद्दल जास्त विचारतो.

तुम्ही कंबर लिहिलीच नाहीये. आणि कृपा करून पँटचा नंबर सांगू नका, कारण पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो, ३४ ची पँट आणि १०० ची कंबर अशी माणसं मी रोज बघतो. मोजायचं असं: शर्ट वर करून, बाजूला हाताने चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, दोघांच्या बरोबर मध्ये टेप ठेवा, टेप जमिनीला समांतर, साधा श्वास सोडून झाल्यावर वाचा. पोट आत ओढायचं नाही. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, आठवड्यातून एकदा बास. चांगलं चाललं असेल तर वजन किलोभर उतरलं की कंबर साधारण सेंटिमीटरभर उतरते. वजन उतरतंय आणि कंबर मात्र तिथेच, असं दोन महिने दिसलं तर मला शंका येते की चरबीपेक्षा स्नायू जास्त जातायत. तुमच्या बाबतीत ही शंका मला आहेच कारण रात्री फक्त फळं म्हणजे रात्रीच्या जेवणात प्रोटीन जवळपास नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, एचडीएल. एचडीएल कमी असण्याचं आपल्याकडचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे ट्रायग्लिसराइड्स जास्त असणं. दोन्ही वेगवेगळे आजार नाहीत, एकामुळे दुसरं होतं. रक्तात व्हीएलडीएलचे कण खूप झाले की एक प्रोटीन त्यांच्यातली चरबी एचडीएलमध्ये टाकतं आणि एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल काढून त्यांना देतं, अदलाबदल. असं चरबीने भरलेलं एचडीएल टिकत नाही, लिव्हरमधलं एन्झाइम त्यातली चरबी तोडतं, कण लहान होतो, आणि त्याचा काही भाग किडनीतून निघून जातो. त्यामुळे एचडीएल वाढवायचं औषध शोधण्यापेक्षा व्हीएलडीएल बनणं कमी करणं हा सरळ रस्ता, म्हणजे परत लिव्हरमधली चरबीच.

मग ट्रायग्लिसराइड्स १९८ झाले तर एचडीएल लगेच वर का नाही आलं? दोन कारणं. पहिलं, तुमचं वजन अजून उतरतंय. शरीर तुटीत असतं, चरबीच्या पेशी साठवायच्या ऐवजी सोडत असतात, रक्तातल्या व्हीएलडीएलमधले ट्रायग्लिसराइड्स फोडणारं त्यांचं एन्झाइम मंदावलेलं असतं, आणि ते कण फुटताना जो बाहेरचा माल सुटतो तोच एचडीएलला मिळत असतो. तो मिळणं कमी होतं. हे नवीन नाहीये, १९९२ मध्ये ७० अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हाच दिसलं होतं की वजन उतरत असताना प्रत्येक किलोमागे एचडीएल साधारण ०.२७ ने कमी होतं आणि वजन कमी होऊन स्थिर झालं की किलोमागे ०.३५ ने वाढतं. तुमचे ६ किलो धरले तर दीड-पावणेदोन पॉइंटची घट अपेक्षितच होती. तुमची ३ ची झाली, उरलेला एक-दीड पॉइंट लॅबच्या आणि रोजच्या चढउतारात सहज बसतो. दुसरं कारण तेल-तूप पूर्ण बंद. जेवणातलं फॅट एकदम काढून टाकलं आणि त्याच्या जागी पोहे, भात, पोळी, फळं आली तर एचडीएल पडतं आणि ट्रायग्लिसराइड्स जेवढे उतरायला हवेत तेवढे उतरत नाहीत.

वरचा ०.३५ चा आकडा परत एकदा बघा, कारण अपेक्षा किती ठेवायची ते त्यात आहे. दहा किलो उतरवून स्थिर झालात तर एचडीएलमध्ये सरासरी साडेतीन पॉइंट. ज्यांचे ट्रायग्लिसराइड्स मुळात खूप होते त्यांच्यात यापेक्षा जास्त वाढ मी बघतो पण ३१ चं ५० होईल असं धरून बसू नका. काही घराण्यांत एचडीएल ३५ च्या आसपासच असतं आणि तिथेच राहतं.

आणि ते तिथे राहिलं तरी चालतं का, तर माझं मत हो, बाकीचं नीट असेल तर. एचडीएल नुसतं वाढवून हार्ट वाचतं का हे भल्यामोठ्या खर्चाने तपासून झालंय. टॉरसेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून जास्त वाढलं होतं आणि तरी २००६ च्या डिसेंबरमध्ये ती ट्रायल थांबवावी लागली कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत होते. नायसिनने एचडीएल वाढवून बघितलं, २०११ आणि २०१४ च्या दोन मोठ्या ट्रायल्समध्ये फायदा निघाला नाही. एचडीएल कमी असणं ही खूण आहे, ती बघून मूळ शोधायचं असतं. तुमचं मूळ सापडलेलं आहे, सोनोग्राफीवर लिहिलंय.

आता एलडीएल ११२ चं १२४. यात दोन गोष्टी आहेत. ट्रायग्लिसराइड्स जास्त असताना एलडीएलचे कण लहान आणि कोलेस्टेरॉल कमी भरलेले असतात, ट्रायग्लिसराइड्स उतरले की कण पुन्हा मोठे होतात, व्हीएलडीएलचं एलडीएलमध्ये रूपांतरही नीट व्हायला लागतं, त्यामुळे एलडीएलचा आकडा थोडा वर जाऊ शकतो. शिवाय बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात आणि त्या हिशोबात ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा होतो, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स बदलले की उत्तरही बदलतं. म्हणून अशा पेशंटमध्ये मी नॉन-एचडीएल बघतो: टोटल कोलेस्टेरॉल वजा एचडीएल. त्यात नुकसान करणारे सगळे कण एकत्र येतात. तुमचं टोटल लिहिलेलं नाही, पण आकड्यांवरून जुळवलं तर आधी साधारण २०८ असणार, आता १९५. म्हणजे नॉन-एचडीएल १७४ वरून १६४ झालं. उतरलंय, पण पुरेसं नाही, १३० च्या खाली यायला हवं. त्यासाठी स्टॅटिनची गोळी लागेल का हे तुमचं बीपी, शुगर, सिगरेट-तंबाखू आणि घरात कमी वयात हार्ट अटॅक झालेत का यावर आहे, इथे बसून मी नाही सांगणार. फक्त एक, लिव्हर फॅटी आहे म्हणून स्टॅटिन नको असं कोणी सांगितलं तर ते बरोबर नाही, साध्या फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन देतात आणि ते चालतं.

सोनोग्राफीच्या ग्रेडचं मनाला लावून घेऊ नका. ग्रेड डोळ्याने, लिव्हर किडनीपेक्षा किती पांढरं दिसतंय यावर ठरते, मशीन बदललं, करणारा बदलला तर ग्रेड बदलू शकते. दुसऱ्या ग्रेडच्या वरच्या टोकाकडून खालच्या टोकाला आलात तरी रिपोर्टवर ग्रेड २ च येणार. उलट बाजूने बघितलं तर लिव्हरमध्ये थोडी चरबी असताना सोनोग्राफी नॉर्मलही दिसते. चार महिन्यांनी परत करायची गरज नव्हती, पुढची वर्षभराने करा, किंवा फायब्रोस्कॅन सोयीचं असेल तर ते करा, त्यात चरबी आणि कडकपणा दोन्हीला आकडा मिळतो. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे लिव्हरमध्ये व्रण पडायला लागलेत का. त्यासाठी घरच्या कॅल्क्युलेटरवर होणारा हिशोब आहे, फिब-४ म्हणतात: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा तुमचं एसजीओटी ३२ आणि प्लेटलेट २ लाख ४० हजार आहेत तर ४१ गुणिले ३२ म्हणजे १३१२, खाली २४० गुणिले ६.४ म्हणजे १५३६, उत्तर ०.८५. १.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेला आजार असण्याची शक्यता कमी. १.३ च्या वर आलं तर डॉक्टरांना दाखवून फायब्रोस्कॅन कराच, एसजीपीटी नॉर्मल असलं तरी, कारण एसजीपीटी नॉर्मल असूनही व्रण असू शकतात.

आता वाइन. आपल्या गावात द्राक्षं आणि वाइनरी असल्यामुळे हा सल्ला नाशिकमध्ये मला फार ऐकायला मिळतो. दारूने एचडीएलचा आकडा वाढतो हे खरं आहे. पण तीच दारू लिव्हरमध्ये चरबी बनवते, चरबी जाळणं थांबवते आणि ट्रायग्लिसराइड्स वर नेते. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे तुमचं सगळं बिघडलंय तिलाच खतपाणी, आणि बदल्यात असा एक आकडा वाढवून घ्यायचा ज्याचा उपयोग नाही. तुमच्या बाबतीत माझं उत्तर सरळ नाही असंच आहे, रेड असो व्हाइट असो.

फिश ऑइलचं गणित वेगळं. ट्रायग्लिसराइड्स उतरवायला ईपीए आणि डीएचए मिळून दिवसाला २ ते ४ ग्रॅम लागतं. दुकानातली साधी १००० मिलिग्रॅमची कॅप्सूल असते त्यात हे दोन्ही मिळून बहुतेक ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतात, बाकी नुसतं तेल. रोज एक घेऊन काही होणार नाही, आणि दहा घेऊन पैसे घालवायची तुम्हाला १९८ ला गरज नाही. फायब्रेटच्या गोळ्यांचंही तसंच. २०२२ मध्ये पेमाफायब्रेटची मोठी ट्रायल आली, डायबेटीसवाल्यांमध्ये ट्रायग्लिसराइड्स चांगले पाव हिश्श्याने उतरले पण हार्टचे त्रास कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील तर मात्र सगळी चर्चा बदलते, तिथे स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो, हजाराच्या वर तर खूपच, तेव्हा औषध लगेच आणि तेल-तूपही खरंच कडक बंद. तुम्ही त्या गटात नाही.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे रात्रीचं जेवण परत सुरू करा. अर्धा किलो द्राक्षं खाल्ली तर त्यात साधारण ८० ग्रॅम साखर असते, त्यातली निम्मी फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज बहुतेक लिव्हरमध्येच जातं आणि तिथे त्याची चरबी बनू शकते. तेही रात्री, जेवणाच्या ऐवजी, सोबत प्रोटीन नाही. द्राक्षं वाईट नाहीत, दुपारच्या जेवणानंतर मूठभर, दहा-पंधरा मणी खा, सीझन आहे. रात्री एक ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, दही, खात असाल तर दोन अंडी किंवा चिकन-मासे. दिवसभरात ७५ ते ८० ग्रॅम प्रोटीन जमवायचं ठरवा, नुसत्या वरणाने होत नाही, दही, पनीर, सोयाबीन, अंडी यातलं काहीतरी दोन्ही वेळेला लागतं. तेल परत चालू करा, माणशी दिवसाला तीन-चार चहाचे चमचे, शेंगदाण्याचं असेल तर चांगलंच, आणि मूठभर शेंगदाणे. तुपाने एचडीएल थोडं वाढतं पण एलडीएलही वाढतं, म्हणून तूप भाकरीवर चमचाभर, औषध म्हणून नाही. कंपनीत दिवसाला साखरेचे चार-पाच चहा होत असतील तर ते आधी बंद. उपवासाचा साबुदाणा हा जवळजवळ नुसता स्टार्च असतो, तो करत असाल तर त्या दिवशी दही-शेंगदाणे-राजगिऱ्यावर या.

चालणं तुम्ही करत असालच. त्यात दोन बदल सुचवतो. रात्री जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा जोर लागेल असं काहीतरी, तुम्हाला पांडवलेणी जवळ आहे, पायऱ्या चढा, घरी बैठका, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर. काम करणारा स्नायू रक्तातले ट्रायग्लिसराइड्स ओढून घेतो आणि हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून रविवारी एकदम दोन तास चालण्यापेक्षा दिवसाआड अर्धा तास जास्त कामाचा. व्यायामाने वजन न उतरताही लिव्हरमधली चरबी थोडी कमी होते.

वजन किती? तुम्ही ७ टक्के उतरवलंय. ५ टक्क्यांना लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० ला सूजही कमी होते, १० च्या पुढे व्रण असले तर त्यातही सुधारणा दिसते. तुमचे १० टक्के म्हणजे ७५-७६ किलो. तिथवर महिन्याला एक-दीड किलोने जा, घाई नको, आठवड्याला दीड किलोच्या वर उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होताना दिसतात. आणि माझ्या दृष्टीने कंबर ९० च्या खाली हे टार्गेट ७५ किलोपेक्षा मोठं आहे.

तुमच्यासारखंच एक उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पिंपळगावकडचे, पंचेचाळिशीचे, द्राक्षाच्या पॅकिंगच्या कामात. सुरुवात ८६ किलो, कंबर १०३, ट्रायग्लिसराइड्स ३४०, एचडीएल ३२. चौथ्या महिन्यात ८० किलो, कंबर ९७, ट्रायग्लिसराइड्स २०५, एचडीएल ३०, आणि तेही तुमच्यासारखेच नाराज होऊन आले होते. आम्ही औषध वाढवलं नाही. ७७ वर आल्यावर तीन महिने वजन तिथेच ठेवलं, मग तपासलं: कंबर ९२, ट्रायग्लिसराइड्स १४५, एचडीएल ३७. मग आली लग्नसराई, दीड महिन्यात अडीच किलो परत चढले आणि ट्रायग्लिसराइड्स २३० झाले, एचडीएल मात्र ३६ वरच. ट्रायग्लिसराइड्स दोन्ही दिशांना पटकन हलतात, एचडीएल हळू. म्हणून मधल्या काळात काय चाललंय ते ट्रायग्लिसराइड्स आणि कंबरेवरून कळतं, एचडीएलवरून नाही.

आधी म्हणालो ती इतर कारणं. टीएसएच, एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन एकदा तपासून घ्या, केलं नसेल तर. थायरॉइड कमी असेल किंवा शुगर वाढलेली असेल तर ट्रायग्लिसराइड्स वजन उतरवूनही अडकून बसतात. स्टिरॉइड, काही बीपीच्या आणि काही मानसोपचाराच्या गोळ्यांनीही वाढतात, चालू असतील तर स्वतः बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. सिगरेट असेल तर एचडीएलचं एक कारण तिथेच सापडलं. आणि घरात दोघा-तिघांचे ट्रायग्लिसराइड्स जास्त असतील तर अनुवंशिक भाग आहे असं धरा, मग १५० च्या खाली यायला डाएटच्या जोडीला औषधही लागू शकतं.

पुढची तपासणी आत्ता लगेच करू नका. ७५-७६ ला पोचून वजन आठ ते बारा आठवडे स्थिर ठेवा, एका किलोच्या आत-बाहेर, आणि तेव्हा करा. त्याच लॅबमध्ये, १०-१२ तास उपाशी, आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवण, लग्न-हॉटेल-दारू काही नाही, सर्दी-तापातून उठल्या उठल्या नाही. एवढं पाळूनही ट्रायग्लिसराइड्स एका वेळेला १६० आणि दुसऱ्या वेळेला १९० येऊ शकतात, २०-२५ टक्के फरक काहीही न बदलता पडतो, म्हणून आकडा नकोसा आला तर दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा करून मग ठरवा. तोवर कंबर आजच मोजा आणि तो आकडा, एसजीओटी, प्लेटलेट आणि बीपी इथे लिहा, फिब-४ मी काढून देतो आणि स्टॅटिनबद्दल डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं तेही सांगतो.